सप्टेंबरचा अनुस्वार कुठे गेला?

पावसाळ्याच्या चार महिन्यांचा आलेख वेबपानावर काढायला फार मोठा कोड लागत नाही. चार उभे स्तंभ, डावीकडे मिलिमीटरची पट्टी, खाली जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशी नावे. कॅनव्हासवर हे काम पन्नासेक ओळींत होते. ज्याने ते केले तो टेबलावरच्या साध्या मॉनिटरवर पाहून समाधानाने उठतो, आणि संध्याकाळी कुणीतरी तोच आलेख फोनवर उघडून विचारतो, ‘हे असं पुसट का दिसतंय?’

फोन जवळ धरून पाहिले की तक्रार खरी निघते. आलेखाच्या वरचे शीर्षक साध्या एचटीएमएलमधले, ते कोरल्यासारखे स्पष्ट आहे. त्याच्याखाली दोन बोटांवर कॅनव्हास सुरू होतो आणि तिथली अक्षरे मात्र पाण्याचा हात लागल्यासारखी. ‘जून’ अजून वाचता येते. ‘सप्टेंबर’मध्ये मात्र ‘टें’च्या डोक्यावरची मात्रा आणि अनुस्वार मिळून एकच करडा ठिपका झाला आहे. शिरोरेषा कुणी पेन्सिलीने ओढून वर बोट फिरवावे तशी दिसते. फॉन्ट तोच, आकार तोच, फोनही तोच. तरी एका पानावर दोन प्रकारची अक्षरे.

प्रस्तुत पुस्तिका कॅनव्हासवरच्या चित्रांविषयी आहे. आलेख, सहीचे चौकोन, नकाशे, छोटे खेळ असे विषय तिच्यात क्रमाने येतात. त्या सगळ्यांना ही एक अडचण समान आहे, म्हणून ती आधीच सोडवून घेतलेली बरी. अडचणीचे मूळ एका वाक्यात सांगता येते: कॅनव्हासला मापे दोन असतात, आणि ती एकमेकांशी बांधलेली नसतात.

पहिले माप बफरचे. चित्र प्रत्यक्षात ज्या पिक्सेलच्या जाळीवर उमटते ती जाळी किती स्तंभांची आणि किती ओळींची, हे कॅनव्हासचे `width` आणि `height` हे गुणधर्म ठरवतात. ते दिले नाहीत तर ब्राउझर ३०० बाय १५० धरतो. दुसरे माप दिसण्याचे. पानावर त्या चित्राने किती जागा व्यापायची हे सीएसएस ठरवते. दोन्ही ठिकाणी शब्द तेच, `width` आणि `height`, त्यामुळे नवखा माणूस त्यांना एकच समजतो. सीएसएसमध्ये ६०० बाय ६०० लिहून बफरला हात न लावणाऱ्याचे वर्तुळ अंड्यासारखे उभट होते, कारण ३०० बाय १५० ची जाळी आडवी दुप्पट आणि उभी चौपट ताणली जाते. हे निदान डोळ्यात तरी भरते. प्रमाण सारखे राहून नुसते ताणले गेले की दिसतो तो फक्त पुसटपणा.

अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीवरून हे लगेच उमगते. ठिपके किती टाकायचे हा एक निर्णय, आणि ती रांगोळी किती जागेत पसरायची हा दुसरा. सात ठिपक्यांची नक्षी तिप्पट जागेत पसरली म्हणून तिच्यात एकवीस ठिपक्यांची बारीक कलाकुसर येत नाही. ठिपक्यांमधले अंतर तेवढे वाढते.

मग टेबलावरच्या मॉनिटरवर सगळे नीट कसे दिसले? कारण तिथे सीएसएसचा एक पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक पिक्सेल. फोनवर तसे नाही, आणि याला कारण आहे. सीएसएसचा पिक्सेल हा पडद्यावरचा दिव्याचा ठिपका नव्हेच. ते एक ठरवून घेतलेले माप आहे: हातभर अंतरावर, म्हणजे सुमारे २८ इंचांवर, ९६ ठिपके प्रति इंच अशा पडद्यावरचा एक पिक्सेल डोळ्याला जेवढा दिसेल तेवढा. पडदा कितीही दाट असो, अक्षर वाचण्याजोग्या आकाराचे राहावे यासाठी हे माप प्रत्यक्ष ठिपक्यांपासून वेगळे ठेवले आहे.

कॅनव्हास जन्मला तेव्हा या दोहोंतला फरक व्यवहारात जवळजवळ नव्हता. ॲपलने तो २००४ मध्ये मॅकवरच्या डॅशबोर्ड या सोयीसाठी आणि सफारी ब्राउझरसाठी आणला, आणि पुढे तो वेबच्या प्रमाणसंहितेत आला. २०१० च्या जून महिन्यात आयफोन ४ आला आणि गणित बदलले. आधीच्या आयफोनचा पडदा ३२० बाय ४८० पिक्सेलचा होता. नव्याचा तेवढ्याच आकाराचा पडदा ६४० बाय ९६० चा झाला. वेबपानाला मात्र पूर्वीप्रमाणेच सांगितले गेले की रुंदी ३२० आहे. तसे न सांगते तर सगळी पाने अर्ध्या आकाराची दिसली असती. सीएसएसच्या एका पिक्सेलमागे आता आडवे दोन आणि उभे दोन असे चार ठिपके उभे राहिले. हे आडवे प्रमाण पानाला विचारता यावे म्हणून एक आकडा उपलब्ध असतो: `window.devicePixelRatio`. आयफोन ४ वर तो २, त्याच काळातल्या ४८० पिक्सेल रुंदीच्या अँड्रॉइड फोनांवर १.५, आणि आजच्या अनेक फोनांवर ३ किंवा त्याच्या आसपास.

एचटीएमएलमधल्या अक्षरांना या बदलाचा फायदा आपोआप मिळाला. फॉन्टमध्ये अक्षर रेषांच्या आणि वळणांच्या वर्णनाने साठवलेले असते, आणि ब्राउझर ते शेवटच्या क्षणी, पडद्याच्या खऱ्या ठिपक्यांवर उतरवतो. ठिपके वाढले की वळण अधिक गुळगुळीत. कॅनव्हासवर मात्र `fillText` म्हणताच अक्षराचे वर्णन संपते. त्याचे त्या क्षणी बफरमधल्या पिक्सेलांत रूपांतर होते आणि नंतर ब्राउझरला ते अक्षर होते की स्तंभ, हे ठाऊक नसते. त्याच्या हाती उरते ते रंगीत ठिपक्यांचे तयार चित्र, जे दिलेल्या जागेत ताणून बसवायचे.

हे ताणणे म्हणजे नेमके काय, ते आलेखावरच पाहू. फोनचे प्रमाण ३ आहे. कॅनव्हासची जागा ३२० बाय १६० सीएसएस पिक्सेल, आणि बफरही तेवढाच. म्हणजे चित्रात ५१,२०० पिक्सेल आहेत, पण पडद्यावर ती जागा ९६० बाय ४८० ठिपक्यांची, एकूण ४,६०,८०० ठिपक्यांची आहे. चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलला पडद्यावरचे नऊ ठिपके भरायचे आहेत. स्तंभाची काळी कड आणि शेजारची पांढरी पार्श्वभूमी घ्या. बफरमध्ये त्या जागी दोन शेजारी पिक्सेल आहेत: एकाची किंमत ०, दुसऱ्याची २५५. ब्राउझर सहसा शेजाऱ्यांची सरासरी साधत ताणतो. त्यामुळे पडद्यावरच्या सहा ठिपक्यांना साधारण अशा किमती मिळतात: ०, ०, ८५, १७०, २५५, २५५. मधले ते ८५ आणि १७० कुणीच काढलेले नव्हते. ते करडे ठिपके म्हणजेच पुसटपणा. बारा पिक्सेलच्या अक्षरात शिरोरेषा जेमतेम पिक्सेलभर जाड असते आणि अनुस्वार पिक्सेल-दोन पिक्सेलचा. एवढ्याशा गोष्टीच्या दोन्ही बाजूंना करडी झालर लागली की मध्ये काळे म्हणून फारसे उरत नाही. रोमन लिपीत हे थोडे खपून जाते. देवनागरीत मात्रा, रफार, अनुस्वार हे सगळे शिरोरेषेच्या वर दाटीने बसतात, म्हणून मराठी आलेख आधी बिघडतो.

खात्री करून घेण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, संगणकावरच्या ब्राउझरमध्ये कॅनव्हासवर उजवी कळ दाबून चित्र जतन करावे आणि फाइलची मापे पाहावीत. ३२० बाय १६० आली तर बफर तेवढाच आहे. ते चित्र मूळ आकारात उघडले तर स्वच्छ दिसते, म्हणजे काढण्यात चूक नाही, ताणण्यात आहे. दुसरा मार्ग कन्सोलचा. `canvas.width` हा आकडा आणि `canvas.getBoundingClientRect().width * devicePixelRatio` हा गुणाकार शेजारी शेजारी छापावा. कॅनव्हासला कड किंवा आतली मोकळी जागा दिलेली नसेल तर दोन्ही आकडे जुळायला हवेत. वरच्या उदाहरणात ते ३२० आणि ९६० येतील.

उपाय त्याच आकड्यांतून निघतो. दिसण्याचे माप ३२० बाय १६० च ठेवायचे, बफर तिप्पट करायचा, आणि काढण्याचा कोड जुन्याच मापात चालावा म्हणून `ctx` या चित्र काढणाऱ्या संदर्भाला ‘प्रत्येक अंक तिप्पट समज’ असे सांगून ठेवायचे.

```js
const dpr = window.devicePixelRatio || 1;
const w = 320, h = 160;

canvas.style.width  = w + 'px';
canvas.style.height = h + 'px';
canvas.width  = Math.round(w * dpr);
canvas.height = Math.round(h * dpr);

ctx.setTransform(dpr, 0, 0, dpr, 0, 0);
```

यानंतर `fillRect(40, 20, 30, 100)` म्हटले की बफरमध्ये ते १२०, ६० पासून ९० बाय ३०० पिक्सेल भरते, आणि बारा पिक्सेलचे अक्षर छत्तीस पिक्सेलांत घडते. शिरोरेषेला तीन पिक्सेल जाडी मिळते, अनुस्वाराला स्वतःची गोलाई. पडद्यावर बसवताना ताणायला काही उरत नाही, कारण ९६० पिक्सेल ९६० ठिपक्यांवर एकास एक बसतात.

यातली एकही पायरी गाळली तर चूक वेगळ्या रूपात येते आणि त्या रूपावरून कोणती पायरी गळली ते कळते. सीएसएसचे माप लिहिले नाही तर कॅनव्हास पानावर तिप्पट मोठा होऊन बसतो, कारण दुसरे माप दिलेले नसेल तर ब्राउझर बफरचेच माप दिसण्याचे माप धरतो. `setTransform` राहिले तर आलेख स्वच्छ येतो पण डाव्या वरच्या कोपऱ्यात एक तृतीयांश आकाराचा. ती ओळ बफरचे माप बदलण्याआधी लिहिली तरी परिणाम तोच, कारण `canvas.width` ला किंमत दिली की बफर कोरा होतो आणि संदर्भाच्या सगळ्या खुणा, रंग, फॉन्ट, प्रमाण, मूळपदावर येतात. अनेकजण `setTransform` ऐवजी `ctx.scale(dpr, dpr)` लिहितात. एकदा लिहिले तर बिघडत नाही. पण ती ओळ प्रत्येक चौकटीत फिरणाऱ्या फंक्शनमध्ये गेली तर आधीच्या तिपटीची पुन्हा तिप्पट होत जाते आणि दुसऱ्याच फेरीत आलेख कॅनव्हासबाहेर पळतो. `setTransform` आधीचे विसरून नव्याने सुरुवात करते, म्हणून ते अधिक भरवशाचे.

आणखी एक चूक जुन्या कोडमध्ये दडून बसते. चित्राचा मध्य काढायला `canvas.width / 2` लिहिण्याची सवय सर्वत्र आहे. पूर्वी ते १६० यायचे, आता ४८० येते, आणि संदर्भ त्याचीही तिप्पट करतो. मध्यभागी काढायचे वर्तुळ ३२० च्या चौकटीबाहेर जाते आणि दिसतच नाही. आपल्या मांडणीत मध्य म्हणजे `w / 2`.

सहीच्या चौकोनात हाच गोंधळ बोटाखाली जाणवतो. पार्सल हाती दिल्यावर फोनवर बोटाने सही घेतात, तो चौकोन बहुधा कॅनव्हासच असतो. एका छोट्या कामात बफर तिप्पट केला गेला पण संदर्भाला प्रमाण सांगायचे राहिले. बोट डावीकडून ३०० सीएसएस पिक्सेलवर असताना रेघ बफरच्या ३०० व्या पिक्सेलवर, म्हणजे पडद्यावर १०० वर उमटायची. सही करणाऱ्याला वाटायचे, पडदा बिघडला. स्पर्शाचे आणि माउसचे स्थान ब्राउझर सीएसएस पिक्सेलमध्ये सांगतो. संदर्भाला प्रमाण लावलेले असेल तर त्याला वेगळा गुणाकार लागत नाही.

त्याच चौकोनाची दुसरी तक्रार अधिक जिव्हारी लागणारी. सही अर्धी झाली, फोन जरा आडवा झाला, आणि सही गायब. कारण वर आलेलेच आहे. फोन वळल्यावर जागा बदलते, कोड नवे माप देतो, आणि माप देताच बफर कोरा होतो. नवी किंमत जुन्याइतकीच असली तरीही होतो. काही फोनांवर पत्त्याची पट्टी लपली एवढ्यानेही मापबदलाची सूचना येते. म्हणून सही ठिपक्यांच्या यादीत, सीएसएस मापात, जपून ठेवायची आणि माप बदलल्यावर पुन्हा रेखायची. शिवाय खरोखर बदल झाला असेल तरच बफरला हात लावायचा.

वाचकाला साहजिक प्रश्न पडेल की हे सगळे ब्राउझरने परस्पर का करू नये. २०१२ मध्ये दाट पडद्याचे मॅकबुक आले तेव्हा सफारीने तसे करूनही पाहिले. बफर पडद्यामागे आपोआप दुप्पट व्हायचा, आणि तो किती पट आहे हे सांगायला `webkitBackingStorePixelRatio` नावाचा वेगळा आकडा होता. पण कॅनव्हासचे `width` हे कोडला दिलेले वचन आहे. ३२० लिहिले तर `getImageData` ने आडवे ३२० पिक्सेलच परत द्यावेत, जतन केलेली फाइल ३२० रुंदीची यावी, यावर असंख्य पाने विसंबून आहेत. ब्राउझरने ते मुकाट वाढवले तर दर पिक्सेलवर हिशेब करणारा कोड चुकतो. ती पद्धत मागे पडली आणि निर्णय पान लिहिणाऱ्याकडे आला. म्हणूनच `getImageData` आणि `putImageData` आजही संदर्भाचे प्रमाण जुमानत नाहीत. त्यांना बफरचे खरे पिक्सेलच सांगावे लागतात.

सगळा पुसटपणा मात्र याच कारणाचा नसतो. साध्या पडद्यावर, प्रमाण १ असताना, एक पिक्सेल जाडीची उभी रेघ `x = 10` वर ओढली तर ती दोन पिक्सेल जाड आणि फिकी दिसते. रेघेचा मध्य १० वर, म्हणजे दोन पिक्सेलांमधल्या सीमेवर पडतो आणि तिचा निम्मा भाग प्रत्येकाच्या वाट्याला जातो. `x = 10.5` लिहिले की ती एका पिक्सेलवर नीट बसते. ओळखण्याची खूण अशी: अक्षरे ठीक असून रेघाच फिक्या असतील तर हे कारण, आणि अक्षरांसकट सगळेच विरघळले असेल तर बफरचे. फोटोचे आणखी निराळे. ३२० रुंदीचा फोटो तिप्पट बफरवर उतरवला तर तो तिथेही ताणलाच जातो, तिथे मोठा फोटोच हवा. उलट जुन्या खेळांसारखी ठसठशीत चौकोनी चित्रे हवी असतील तर बफर मुद्दाम लहान ठेवून सीएसएसमध्ये `image-rendering: pixelated` लिहितात, मग ताणताना सरासरी होत नाही.

तिप्पट बफरची किंमतही मोजून ठेवावी. ३६० बाय ८०० सीएसएस पिक्सेलचा पूर्ण पडदाभर कॅनव्हास घेतला तर प्रमाण ३ वर तो १०८० बाय २४०० चा होतो. दर पिक्सेलला चार बाइट या हिशेबाने एक कोटी बाइटांहून अधिक, म्हणजे साध्या बफरच्या नऊपट. स्थिर आलेखाला याचे काही नाही. पण सेकंदाला साठ वेळा सगळे पुन्हा रंगवणाऱ्या खेळात फोन तापतो आणि हालचाल अडखळते. तिथे `Math.min(devicePixelRatio, 2)` असा लगाम घालतात. हलत्या चित्रात दोन आणि तीनमधला फरक डोळ्याला सहसा कळत नाही आणि पिक्सेल निम्म्याहून कमी होतात.

प्रमाण नेहमी पूर्णांक नसते, हा शेवटचा काटा. विंडोजवर १२५ टक्के मोठे करून पाहणाऱ्याकडे ते १.२५ असते. ३३३ रुंदीच्या जागेला मग ४१६.२५ ठिपके हवेत, आणि पाव पिक्सेलचा बफर होत नाही. कोड ४१६ लिहितो. पडद्यावर ती जागा कुठे सुरू होते यावर ब्राउझर तिला ४१६ किंवा ४१७ ठिपके देतो. ४१७ दिले तर एका पिक्सेलची तूट भरायला सगळे चित्र किंचित ताणले जाते आणि बारीक रेघांच्या जाळीत फिके-गडद पट्टे उमटतात. `ResizeObserver` कडून `devicePixelContentBoxSize` मागितले तर ब्राउझर प्रत्यक्षात दिलेले ठिपके पूर्णांकात सांगतो, जिथे ही सोय आहे तिथे गुणाकारापेक्षा तीच घ्यावी.

हे प्रमाण पान उघडे असतानाही बदलते. लॅपटॉपवरची खिडकी ओढून शेजारच्या मॉनिटरवर नेली की बदलते. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये पान मोठे केले तरी बदलते. त्यामुळे ते सुरुवातीला एकदा वाचून ठेवणे पुरत नाही. `matchMedia` ला सध्याच्या प्रमाणाची अट देऊन ती मोडली की नव्याने माप घ्यावे लागते. याच गुणामुळे तपासणीसाठी दाट पडद्याचा फोन हाताशी असण्याचीही गरज उरत नाही. साध्या मॉनिटरवर, प्रमाण १ असताना, आलेखाचे पान उघडून कंट्रोल आणि अधिक दाबत २०० टक्क्यांपर्यंत न्यावे. प्रमाण २ होते. शीर्षक मोठे आणि स्वच्छ राहील. खाली ‘सप्टेंबर’वरचा अनुस्वार मात्रेपासून सुटा दिसतो का, एवढे पाहून पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणाकडे वळावे. तिथे हाच आलेख खऱ्या नोंदींवर उभा केला आहे.